सावंतवाडी की डोंबिवली: निवृत्तीनंतर घर हलवण्याआधी काय काय तपासावं

ह्यांचं वय ७१, माझं ६६. ह्यांना मधुमेह आहे आणि हृदयात एक स्टेंट. मला गुडघे सोडले तर विशेष काही नाही. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा वन बीएचके. मुलगी बंगळुरूला, मुलगा परदेशात. नोकऱ्या संपल्यावर "चला कोकणात" हे वाक्य आमच्या घरात दर रविवारी व्हायचं. शेवटी आम्ही सावंतवाडीत भाड्याचं घर घेऊन राहायला लागलो, त्याला आता तीन वर्षं होतील. जाण्याआधी आणि गेल्यावर जे केलं, जे करायला हवं होतं आणि राहिलं, ते इथे क्रमानं लिहिते. गाव तुमचं वेगळं असेल. वाई असेल, दापोली असेल. प्रश्न तेच राहतील, उत्तरं मात्र तुम्हालाच शोधावी लागतील.

पहिली पायरी: गाव निवडण्याआधी आजारांचे तीन ढीग करा

"तिथे दवाखाने आहेत ना?" हा प्रश्न विचारून काही कळत नाही. दवाखाने सगळीकडे असतात. कागद घ्या आणि तुम्हा दोघांना जे आहे, आणि या वयात जे होऊ शकतं, ते तीन ढिगांत टाका.

एक ढीग ठरवून करायच्या गोष्टींचा: मोतीबिंदू, गुडघेबदल, हर्निया, दात. यांना गावामुळे अडत नाही. तारीख घ्यायची, मुंबईला किंवा पुण्याला जायचं, पंधरा दिवस राहायचं, परत यायचं. दुसरा ढीग दरमहा लागणाऱ्या गोष्टींचा: साखर, रक्तदाब, थायरॉइड, फिजिओथेरपी. हे लहान गावात उलट बरं चालतं. डॉक्टर नावानं ओळखतात, नंबर लावून दोन तास बसावं लागत नाही. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागतं आणि दर वेळी चार तास खातं. ते घरापासून अर्ध्या तासाच्या आत नसेल, तर त्या गावाचा विचार सोडून द्या.

तिसरा ढीग तासांचा. हार्ट अटॅक, पक्षाघात, पडून खुब्याचं हाड मोडणं. शहर की गाव याचा खरा निकाल या ढिगावरच लागतो.

दुसरी पायरी: रात्री दोन वाजताचे प्रश्न विचारा

गावातल्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या खाजगी दवाखान्यात स्वतः जाऊन बोला. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरना आधी नवल वाटलं, मग त्यांनीच खुर्ची दिली. विचारायचं ते एवढंच. रात्री दोन वाजता छातीत दुखतंय म्हणून आलो, तर ईसीजी कोण काढतं आणि तो वाचतं कोण? गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन इथे ठेवलेलं असतं का, आणि ते देणारे डॉक्टर रात्री हजर असतात की घरून बोलवावे लागतात? सीटी स्कॅन कुठे आहे, रात्री सुरू असतो का, त्याचा तंत्रज्ञ कुठे राहतो?

हे प्रश्न का, ते सांगते. हार्ट अटॅकमध्ये उत्तम उपाय म्हणजे लगेच अँजिओप्लास्टी. पण ती जिथे करतात त्या कॅथलॅबपर्यंत पोहोचून ती सुरू व्हायला दोन तासांहून जास्त वेळ लागणार असेल, तर आधी जवळच्या ठिकाणी इंजेक्शन देऊन मग पुढे हलवावं, असा वैद्यकातला सर्वमान्य रिवाज आहे. म्हणजे लहान गावात जीव वाचवणारी गोष्ट दूरची कॅथलॅब नसते, जवळचं ते इंजेक्शन असतं. पक्षाघाताचं गणित वेगळं आहे. गुठळी विरघळवायचं औषध लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून डोक्यात रक्तस्राव झालेला नाही याची खात्री करावी लागते. झोपेतून उठल्यावर हात लुळा पडलेला दिसला, तर घड्याळ उठल्यापासून सुरू होत नाही. माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून, म्हणजे रात्री झोपायला गेला तेव्हापासून ते धरतात.

आता आमचा हिशेब. सावंतवाडीहून लोक गंभीर रुग्ण घेऊन बहुतेक करून गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. ही गोष्ट नकाशावर बघू नका. जुलैतल्या एका रात्री आम्ही दोघं भर पावसात गाडी घेऊन निघालो. बांदा, पत्रादेवी, पेडणे, म्हापसा आणि मांडवीचा पूल ओलांडून बांबोळी. घरून निघालो १०:३५ ला, फाटकाशी पोहोचलो १२:१०. एक तास पस्तीस मिनिटं. परतताना पत्रादेवीच्या अलीकडे चहाच्या टपरीवर ह्यांनी पाकिटाच्या मागे बेरीज मांडली. दुखतंय हे कळून, कपडे घालून, गाडी काढायला १५ मिनिटं. गावातल्या दवाखान्यात पोहोचून ईसीजी होईपर्यंत ३०. पुढे न्यायचं ठरून रुग्णवाहिका मिळायला ३०. रस्त्याची ९५. एकूण १७०, म्हणजे दोन तास पन्नास मिनिटं, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर.

म्हणून आम्ही गावातल्या इंजेक्शनबद्दल खात्री करून घेतली, आणि ती होईपर्यंत भाड्याच्या कागदावर सही केली नाही. पक्षाघाताच्या साडेचार तासांतून ही १७० मिनिटं वजा केली तरी शंभर मिनिटं हातात उरतात, पण ती फक्त दिवसाढवळ्या, कोणाच्या तरी डोळ्यांदेखत झालेल्या झटक्याला. रात्रीच्या झटक्यात आम्ही डोंबिवलीपेक्षा मागे आहोत. हे आम्ही जाणून-बुजून स्वीकारलं आहे. ज्यांना आधी एकदा झटका येऊन गेलाय, किंवा हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यांनी हे स्वीकारू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डोंबिवलीची बाजूही सांगायला हवी. तिथे कॅथलॅब तीन किलोमीटरवर होती. पण आमची इमारत जुनी, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. ह्यांना पहिल्या वेळी त्रास झाला तेव्हा शेजारच्या दोन मुलांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने खाली आणलं. संध्याकाळी सात वाजता ते तीन किलोमीटर जायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. शहरातल्या घराची चाचणीही घड्याळ लावूनच करा, आणि लिफ्ट मोजा.

१०८ बद्दल एक गोष्ट. ही रुग्णवाहिका फुकट आहे, तिच्यात डॉक्टर असतात, आणि गावात ती बरी चालते. पण तिचं पहिलं काम जवळच्या योग्य रुग्णालयात पोहोचवणं हे आहे. तुम्हाला हव्या त्या ठिकाणी, त्यातही राज्याची हद्द ओलांडून, ती लगेच नेईलच असं धरून चालू नका. ऑक्सिजन असलेल्या दोन खाजगी रुग्णवाहिकांचे नंबर आणि त्यांचा बांबोळीपर्यंतचा दर आधीच लिहून ठेवा.

तिसरी पायरी: विम्याचा पत्ता बदलण्याआधी पॉलिसी वाचा

इथे आमच्या ओळखीच्या एका जोडप्याचे पैसे गेले. काही आरोग्य विमा पॉलिसींचा हप्ता शहरांच्या झोनप्रमाणे असतो. मुंबईचा झोन महाग, लहान गावाचा स्वस्त. गावचा पत्ता दिला की हप्ता कमी होतो आणि माणूस खूश. मग गुडघ्यांसाठी मुंबईत दाखल झालं की कळतं, स्वस्त झोनच्या पॉलिसीवर महाग झोनमध्ये उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक हिस्सा, म्हणजे को-पे, आपण भरायचा आहे. हा हिस्सा २० टक्के असेल तर चार लाखांच्या बिलात ८०,००० रुपये खिशातून. हप्त्यात वर्षाला वाचलेले चार-पाच हजार त्यापुढे कुठे दिसतही नाहीत. पॉलिसीत 'झोन' आणि 'को-पे' हे दोन शब्द शोधा. तुमचे ठरवून करायचे उपचार मोठ्या शहरातच होणार असतील, तर मोठ्या शहराचाच झोन ठेवा, पण खरा पत्ता कंपनीला लेखी कळवून.

जुनी पॉलिसी बंद करून नवी घेऊ नका. नवीन पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्ट करून घ्या, म्हणजे झालेली वर्षं धरली जातात.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. आधारवर वय ७० पूर्ण दिसलं की आयुष्मान ॲपवर किंवा सेवा केंद्रात ते काढता येतं. ह्यांचं काढलं, माझं अजून निघायचं आहे. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असले तरी पाच लाख दोघांत मिळूनच. ते फक्त दाखल झाल्यावर आणि योजनेतल्या रुग्णालयातच चालतं. महिन्याच्या गोळ्यांना किंवा तपासण्यांना त्याचा उपयोग नाही. आमच्यासारख्या हद्दीवरच्या लोकांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. बांबोळीला २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागतं. पूर्वी सगळं फुकट होतं, तेच ऐकून लोक अजूनही रिकाम्या खिशानं जातात. आपलं कार्ड किंवा पॉलिसी तिथे कशी चालेल, हे रुग्णालयाच्या खिडकीवर जाऊन आधी विचारून घ्या.

चौथी पायरी: विकू नका, एक अख्खा पावसाळा भाड्यानं राहा

मे महिन्यात किंवा गणपतीत गाव पाहून घर घेणारे बरेच असतात. आंबे असतात, घरं भरलेली असतात, संध्याकाळी मोती तलावावर वारा असतो. गाव बघायचं ते जुलैत. चिऱ्याच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरतं, कपडे चार दिवस सुकत नाहीत, वीज जाते ती कधी येईल ते सांगून जात नाही. जुन्या कौलारू घरात संडास मागच्या अंगणात असेल, तर रात्री छत्री, बॅटरी आणि काठी अशा तीन वस्तू दोन हातांत धरून जावं लागतं. खुब्याचं हाड मोडतं ते असंच. आम्ही पहिल्याच वर्षी घरमालकांना सांगून पायऱ्यांवर खरखरीत लाद्या बसवल्या, दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर घासतो, आणि न्हाणीघरात दोन ठिकाणी दांड्या लावल्या. इन्व्हर्टर घेतला. इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, त्यामुळे तो चैनीत धरू नका.

घर बाजारापासून चालत दहा मिनिटांवर असावं. ही अट मी कुठल्याही बागेच्या, विहिरीच्या, नारळाच्या झाडांच्या मोहानं सोडली नाही, आणि ती सुचली ती एका साध्या कारणानं. मला गाडी चालवता येत नाही. ह्यांना आधी कारिवड्याच्या बाजूला वाडीतलं एक सुंदर घर आवडलं होतं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही दवाखान्यात असाल तेव्हा मला डबा घेऊन कोण आणेल?" ते घर तिथेच राहिलं. प्रत्येक जोडप्यानं हा प्रश्न एकमेकांना विचारावा: आपल्यातलं एकच उरलं, आणि ते गाडी न चालवणारं असलं, तर या घरात त्याला राहता येईल का? शहरात याचं उत्तर बहुतेक वेळा हो असतं. गावात ते घराच्या जागेवर ठरतं.

पाचवी पायरी: महिन्याचा खरा हिशेब मांडा

"गावाकडे स्वस्ताई" हे अर्धंच खरं आहे. माझ्या वहीतून दोन्हीकडची महिन्याची सरासरी देते.

डोंबिवलीत सोसायटीचा मेंटेनन्स ३,८००, वीज १,९००, कामवाली ४,०००, किराणा-दूध-भाजी-मासे १६,०००, औषधं आणि तपासण्या ७,०००, रिक्षा २,३००. एकूण ३५,०००.

सावंतवाडीत घरभाडं ९,०००, वीज १,६००, कामवाली ३,०००, किराणा वगैरे १४,५००, औषधं आणि तपासण्या ७,४००, गाडीचं पेट्रोल-विमा-दुरुस्ती ५,०००, आणि मुंबई-गोव्याच्या फेऱ्यांचे दरमहा सरासरी ४,५००. एकूण ४५,०००.

हो, गाव महाग पडलं. भाजी, कामवाली, वीज यांत मिळून साडेतीन हजारही वाचत नाहीत, आणि भाडं, गाडी, प्रवास हे नवीन खर्च उभे राहतात. मासे तर स्वस्त असतील ही समजूत सोडाच. चांगली सुरमई इथूनही मुंबईच्याच भावानं जाते. तोल सावरतो तो डोंबिवलीच्या फ्लॅटमुळे. त्याचं भाडं १७,००० येतं. त्यातून तिथला मेंटेनन्स आणि भाडेकरू ठेवल्याबद्दलचे सोसायटीचे ना-वापर शुल्क मिळून ४,१०० जातात. म्हणजे ४५,००० अधिक ४,१०० वजा १७,०००, निव्वळ ३२,१००. डोंबिवलीपेक्षा २,९०० कमी. वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा राहिला आणि दलाली द्यावी लागली, की तेही जवळजवळ संपतात. गावात स्वतःचं घर असेल तर ९,००० सरळ वाचतात, पण कौलं परतणं आणि रंगरंगोटी वेगळी धरा.

सोसायटीनं ना-वापर शुल्क मनाला येईल तेवढं लावलं तर ऐकू नका. महाराष्ट्रात ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्याकडे पहिल्या बिलात ते थेट १,००० लागलं होतं. लेखी पत्र दिल्यावर दुरुस्त झालं. भाडेकरार लिव्ह अँड लायसन्स पद्धतीनं आणि नोंदणी करूनच द्या, नुसत्या स्टॅम्पपेपरवर नको.

प्रवासात एसटीचा उपयोग करा. महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ पूर्ण झाल्यावर मोफत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये बंद झाली ती परत आलेली नाही. स्टेशनही गावात नाही, रिक्षानं जावं लागतं. मुलीसाठी गोव्यातला मोपाचा विमानतळ सोयीचा पडला. ती बंगळुरूहून आमच्याकडे येते त्याला डोंबिवलीला येण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

सहावी पायरी: माणसं मोजा, ओळखी नव्हे

पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटलं, किती आपुलकी! बाजारात जाताना चार जण विचारणार, "काकी, खंय चललात?" सकाळी दुधाची पिशवी दारात तशीच राहिली तर शेजारच्या वहिनी येऊन बघून जाणार. हे खरं आहे आणि शहरात ते मिळत नाही. पण गावात नातं, वाडी आणि देवस्थान यांची आपली एक आतली घडी असते, आणि बाहेरून आलेला माणूस तिच्या कडेला बसतो. आमचे तीन पिढ्यांपासून इथे कोणी नाही. आम्ही चाकरमानीसुद्धा नाही, नुसते मुंबईवाले.

म्हणून आपुलकी मोजू नका, हात मोजा. मी एक यादी केली: रात्री फोन केला तर गाडी चालवू शकेल, किंवा ह्यांना उचलून धरू शकेल, असा माणूस पाच मिनिटांच्या अंतरात कोण? पहिल्या वर्षी यादीत एकच नाव होतं. वाडीतली बरीच मुलं सकाळी गोव्याला कामाला जातात, दिवसा घरात आमच्यासारखेच लोक उरतात. डोंबिवलीत मजल्यावर बोलणं कमी, पण खुर्ची उचलायला दोन मुलं होती. आज सावंतवाडीच्या यादीत चार नावं आहेत. ती आली तलावाभोवतीच्या सकाळच्या फेऱ्यांतून, श्रीराम वाचन मंदिरातून, आणि मी घरी दोन मुलींना गणित शिकवते त्यांच्या आई-वडिलांतून. याला दोन वर्षं लागली. पंचाहत्तरीनंतर हे सुरू करणं अवघड जातं, म्हणून जायचंच असेल तर हातीपायी धड असताना जा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणारं माणूस ही दुसरी गोष्ट. शहरात ब्युरोला फोन केला की दुसऱ्या दिवशी बारा तासांची आया येते, चांगली की वाईट तो नशिबाचा भाग. इथे ब्युरो नाही. ओळखीतून बाई मिळते आणि ती जिवाभावानं करते, पण पुरुष मदतनीस शोधूनही सापडत नाही. ह्यांचं वजन ७८ किलो आहे, हे मी विसरलेली नाही.

सातवी पायरी: परत फिरायची खूण आजच ठरवा

ही चर्चा आजारपणात होत नाही, तेव्हा प्रत्येक जण "बघू पुढे" म्हणतो. आम्ही मुलांना व्हिडिओ कॉलवर बसवून कागदावर लिहिलं. ह्यांनी रात्री गाडी चालवणं थांबवलं, किंवा दोघांपैकी एकाला दर आठवड्याला लागणारा उपचार सुरू झाला, किंवा विसरभोळेपणा इतका वाढला की गोळ्या दुसऱ्यानं द्याव्या लागतील, यांतलं एक झालं तरी डोंबिवलीला परत जायचं. फ्लॅटचा भाडेकरार म्हणूनच अकरा महिन्यांचा ठेवतो आणि त्यात एक महिन्याच्या नोटिशीची अट आहे. परत जाण्याआधी तिथल्या न्हाणीघरात दांड्या बसवायला सुताराला सांगायचं, हेही त्याच कागदावर आहे.

तो कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. त्याच्या खाली दुसरा: रक्तगट, स्टेंटचं वर्ष, गोळ्यांची नावं, पॉलिसीचा आणि कार्डाचा क्रमांक, दोन रुग्णवाहिका, चार माणसं. गेल्या एप्रिलमध्ये ह्यांची साखर पहाटे एकदम खाली गेली तेव्हा शेजारच्या वहिनींनी मला काही विचारलं नाही, सरळ फ्रिजपाशी गेल्या.